गृहकर्ज फिटल्यावर नो ड्यूज आणि घराची मूळ कागदपत्रं बँकेकडून कशी परत घ्यावीत

शेवटचा हप्ता खात्यातून गेला की बहुतेक लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि बँकेच्या फोनची वाट बघत बसतात. फोन कधी येतो, कधी येत नाही. बँकेच्या हिशेबात तुमचं कर्ज अजून चालूही असू शकतं, आणि इथंच सगळं अडतं. कागदपत्रं परत देण्याची मुदत शेवटच्या हप्त्यापासून मोजली जात नाही. कर्ज पूर्ण फिटलं त्या तारखेपासून ती मोजली जाते. म्हणून आधी ती तारीख पक्की करायची.

हप्ते संपले तरी खात्यावर किरकोळ रक्कम उरू शकते. मधल्या काळात व्याजदर बदलला, एखादा हप्ता दोन दिवस उशिरा गेला, चेक परत गेल्याचा दंड लागला, विम्याचा हप्ता कर्जखात्यात टाकला गेला, असं काहीही कारण असू शकतं. तीनशे-चारशे रुपयांसाठी खातं उघडं राहतं आणि त्यावर व्याज चढत राहतं. शेवटच्या हप्त्याच्या महिनाभर आधीच शाखेत जाऊन फोरक्लोजर स्टेटमेंट मागावं. मुदतीआधी एकरकमी फेडत असाल तर ते लागतंच, पण हप्त्यांनी फेडलं असेल तरी मागावं. त्यात अमुक तारखेपर्यंत भरल्यास एकूण किती रक्कम लागेल ते लिहिलेलं असतं. तेवढेच पैसे त्याच तारखेपर्यंत भरा. एक दिवस उलटला तर नवं स्टेटमेंट घ्या. पैसे गेल्यावर दोन-तीन दिवसांनी कर्जखात्याचा उतारा काढा आणि शिल्लक शून्य दिसते का, खातं बंद झाल्याची नोंद आहे का, ते बघा. हा उतारा जपून ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं यावरच जिंकायची असतात.

त्याच घरावर टॉप-अप कर्ज घेतलं असेल तर तेही फिटावं लागतं. मूळ कर्ज संपलं तरी टॉप-अपसाठी तीच कागदपत्रं तारण असतात, त्यामुळे ती सुटत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या कर्जाला हेच घर तारण दिलं असेल तरी तसंच. हे शाखेत आधीच विचारून घ्यावं.

तीस दिवसांचा नियम

रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी एक परिपत्रक काढलं. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांची कागदपत्रं परत द्यायची वेळ येते, त्या सगळ्यांना ते लागू आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत बँकेने स्थावर-जंगम मालमत्तेची सर्व मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि कोणत्याही नोंदवहीत आपला बोजा चढवला असेल तर तोही काढायचा. उशीर झाला तर कारण कळवायचं. उशीर बँकेमुळे झाला असेल तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यायची. कागदपत्रं ज्या शाखेत कर्जखातं होतं तिथून घ्यायची, की ती जिथं ठेवलेली आहेत त्या कार्यालयातून, हे ठरवायचा हक्क तुमचा. बँका कागदपत्रं बहुधा शाखेत ठेवत नाहीत, मध्यवर्ती गोदामात पाठवतात. तिथून मागवायला वेळ लागतो हे खरं, पण तो वेळ या तीस दिवसांतच बसवायचा असतो.

हा नियम व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि गृहवित्त कंपन्यांना लागू आहे. मात्र तो वैयक्तिक कर्जांपुरता आहे. त्यात गृहकर्ज आणि शैक्षणिक कर्ज येतं, धंद्यासाठी घेतलेलं कर्ज येत नाही. पतसंस्थेतून कर्ज घेतलं असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाही. तिथं नो ड्यूज म्हणजे बेबाकी दाखला मिळाला नाही तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे जावं लागतं.

अर्ज काय लिहायचा

तोंडी मागणीला तारीख नसते, म्हणून अर्ज लेखी द्यावा. दोन प्रती काढा, एकीवर शाखेचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. ‘इनवर्ड होत नाही, ईमेल करा’ असं सांगितलं तर काउंटरवर वाद घालू नका. तिथूनच ईमेल करा आणि नंतर रजिस्टर्ड पोस्टाने प्रत पाठवा.

> प्रति, शाखा व्यवस्थापक,
> विषय: गृहकर्ज खाते क्र. ____ : बेबाकी दाखला व मूळ कागदपत्रे परत मिळणेबाबत
>
> वरील कर्ज आम्ही दि. ____ रोजी पूर्ण फेडले असून खात्यावर शिल्लक शून्य आहे (उतारा सोबत जोडला आहे). कृपया (१) नो ड्यूज सर्टिफिकेट, (२) सोबतच्या यादीप्रमाणे सर्व मूळ कागदपत्रे, (३) न वापरलेले सुरक्षा धनादेश, (४) सीईआरएसएआय या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतील बोजा काढल्याचा पुरावा, (५) गृहनिर्माण संस्थेच्या नावे बोजामुक्तीचे पत्र द्यावे आणि (६) हप्त्यांसाठी दिलेला नॅच मॅंडेट रद्द करावा. कागदपत्रे आम्ही ____ येथून स्वीकारू. रिझर्व्ह बँकेच्या दि. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार ही मुदत दि. ____ रोजी संपते.
>
> सर्व कर्जदारांच्या सह्या

शेवटच्या वाक्यातली तारीख स्वतः मोजून घाला. ते वाचल्यावर अर्ज टेबलावर पडून राहत नाही.

अर्जाला जोडायची यादी कुठून आणायची? कर्ज घेताना कागदपत्रं जमा केल्याची पोच बँकेने दिली असेल, तिला लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स म्हणतात. ती सापडत नसेल तर तीच प्रत बँकेकडे लेखी मागा. साध्या फ्लॅटच्या यादीत नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काचं चलन, बिल्डरच्या पावत्या, ताबापत्र आणि सोसायटीचा भाग दाखला असतो. फ्लॅट जुन्या मालकाकडून घेतला असेल तर त्याच्या नावचे आधीचे करारनामेही असतात. परत घेताना हेच बहुधा विसरले जातात, आणि उद्या घर विकायला काढलं की खरेदीदाराचा वकील पहिल्यांदा तेच मागतो.

नो ड्यूज हाती आलं की वाचून घ्या. सगळ्या कर्जदारांची नावं, खाते क्रमांक, कर्ज बंद झाल्याची तारीख, घराचा पूर्ण पत्ता आणि बँकेचा या मालमत्तेवर कोणताही हक्क राहिलेला नाही असं स्पष्ट वाक्य त्यात हवं. नुसतं ‘कर्ज बंद झालं आहे’ एवढंच असेल तर दुरुस्त करून मागा.

पाकीट उघडून, पान मोजून

कागदपत्रं घ्यायच्या दिवशी सर्व कर्जदारांना ओळखपत्रासह बोलावतात. सहकर्जदार येऊ शकत नसेल तर अधिकारपत्र चालेल का, की कुलमुखत्यारपत्रच हवं, हे आधी विचारा. काउंटरवर सीलबंद पाकीट पुढे येतं आणि ‘सर्व कागदपत्रे मिळाली’ अशी पोच सहीसाठी सरकवली जाते. सही आधी करू नका. मागे कितीही रांग असली तरी पाकीट तिथंच उघडा.

महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा शिक्का असतो. त्यात कार्यालयाचं संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक, पानाचा क्रमांक आणि एकूण पानं लिहिलेली असतात. एकूण ९६ पानं असतील तर १ ते ९६ सलग आहेत का ते बघा. मधलं पान गळालं असेल तर इथंच कळतं. दस्त मूळ आहे की रंगीत झेरॉक्स, हे सह्यांवरून ओळखावं. पेनाचा दाब पानाच्या मागच्या बाजूला बोटाला जाणवतो, अंगठ्याच्या शाईचा डागही छापील दिसत नाही. काही कमी निघालं तर पोचेवरच हाताने लिहा: ‘भाग दाखला मिळाला नाही, बाकी मिळाले’, आणि मग सही करा. त्या पोचेचा फोटो घ्या.

मुदत उलटली तर

समजा, खातं ८ जानेवारीला शून्य झालं. तीस दिवस ७ फेब्रुवारीला संपतात. पाकीट मिळालं १९ फेब्रुवारीला, म्हणजे बारा दिवस उशीर. बँकेकडे दुसरं सबळ कारण नसेल तर भरपाई ६०,००० रुपये होते. ती आपोआप खात्यात येईल असं धरून चालू नका. दिवसांचा हिशेब मांडून लेखी मागा.

कागदपत्रं हरवली किंवा खराब झाली असतील तर बँकेला आणखी तीस दिवस मिळतात. म्हणजे वरच्या उदाहरणात दंडाची मोजणी ९ मार्चनंतर सुरू होईल. पण दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत काढायला मदत करणं आणि त्याचा खर्च उचलणं बँकेचं काम आहे. अशा वेळी कागद आमच्या ताब्यात असताना गहाळ झाले, असं बँकेच्या लेटरहेडवर लिहून घ्या. पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि सोसायटीकडून दुसरा भाग दाखला यासाठी ते लागेल. पुढच्या खरेदीदाराला मूळ करार का नाही हे सांगतानाही तेच पत्र उपयोगी पडेल.

तक्रार आधी बँकेकडेच लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेच्या grids.nhbonline.org.in वर. शिक्क्याचा अर्ज, शून्य शिल्लकीचा उतारा आणि लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स हे तीन कागद जोडले की बाकी फार लिहावं लागत नाही.

कर्जदाराचं निधन झालं असेल तर वारसांनी कागदपत्रं कशी घ्यायची, याची पद्धत बँकेने आपल्या संकेतस्थळावर दाखवायची असते. शाखेत जाण्याआधी ती वाचावी. म्हणजे वारसाचे कुठले दाखले लागतात ते एकदाच कळतं.

बोजा कुठे कुठे उरतो

पाकीट घरी आलं तरी बँकेचं नाव काही ठिकाणी तसंच राहतं. सीईआरएसएआय ही तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही आहे. तिथली नोंद बँकेनेच काढायची असते, पण ती निघाली का हे थोडं शुल्क भरून तुम्ही स्वतः शोधून बघू शकता. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदवलेला असतो. बँकेचं पत्र देऊन तो काढून घ्या आणि तसं सेक्रेटरीकडून लिहून घ्या. जमीन किंवा बंगला असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा असू शकतो. त्यासाठी बँकेच्या पत्रासह तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार होऊन तो निघतो. गहाणखत रीतसर नोंदवलं असेल, तर ते सोडवल्याचा दस्तही दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्यावा लागतो. नुसतं नो ड्यूज तिथं चालत नाही. कर्जापोटी आयुर्विम्याची पॉलिसी बँकेच्या नावे केली असेल तर ती परत आपल्या नावे करून घ्या.

दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कर्ज ‘Closed’ दिसायला हवं. पूर्ण फेडूनही ‘Settled’ दिसत असेल तर कमी पैशांत तडजोड केली असा त्याचा अर्थ होतो आणि पुढच्या कर्जाला ते नडतं. नो ड्यूज जोडून क्रेडिट ब्युरोकडे आणि बँकेकडे दुरुस्ती मागा. दोघांनी मिळून ती तीस दिवसांत केली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.