पोर्टफोलिओसाठी नेल आर्टचे फोटो निवडताना

दादरच्या एखाद्या छोट्या पार्लरमध्ये मरून जेलवर सोनेरी रेघा काढल्या, तर त्याच हाताचे दोन फोटो घ्या: एक खिडकीपाशी, दुसरा रिंग लाइटखाली. खिडकीपाशी घेताना आतली ट्यूब बंद ठेवा, नाहीतर दोन उजेड मिसळून मरून तपकिरी दिसतो. पावसाळ्यातला ढगाळ उजेड रंगासाठी उत्तम.

चकाकी रिंग लाइटच्या फोटोत तपासा. नखावर उमटलेल्या प्रकाशाच्या कडेकडे बघा. ती सलग, गुळगुळीत वळत असेल तर टॉप कोट सारखा बसलाय. मध्येच तुटली किंवा लाटेसारखी झाली तर तिथे उंचवटा आहे किंवा धूळ अडकली आहे. मात्र याच चमकेत सोनेरी रेघ हरवते, म्हणून रंगसंगती खिडकीच्या फोटोवरूनच ठरवा. तो फोटो कृष्णधवल करून पाहा. रेघ मरूनमध्ये मिसळून गेली, तर लहान थंबनेलमध्येही ती दिसणार नाही.

सफाईसाठी क्यूटिकलची कड मोठी करून बघा. समोरून पडलेला उजेड कडेला साचलेलं जेल लपवतो, बाजूने आलेला ते उघडं पाडतो. तिथे जाड कड दिसली, तर चमक कितीही छान असो, मी तो फोटो घेत नाही.