वॉटर डिस्पेन्सरची तोटी गळतेय? आधी गळती कुठून ते बघा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यात आमचा डिस्पेन्सर रात्रभर टपटपायचा. तोटीच्या तोंडातून थेंब पडत असेल तर आतलं रबर झिजलंय, पुश तोटीच बदला. तोटी टाकीला बसते तिथे ओल असेल तर फक्त वॉशर बदला.

1. गरम पाण्याचा डिस्पेन्सर असेल तर आधी प्लग काढून थंड होऊ द्या. मग टाकी रिकामी करा.
2. आतला नट धरून तोटी उलटी फिरवा. जुनी तोटी दुकानात सोबत न्या, आटे जुळायला हवेत.
3. भोकाभोवतीचा पांढरा क्षार पुसा. तो राहिला तर नव्या वॉशरनेही पाणी अडत नाही. आमचं इथंच फसलं होतं.
4. नट हाताने आवळून वर पाव फेराच द्या.

पान्याने जोर लावला तर प्लास्टिकचे आटे तडकतात.