दाढी करताना ब्लेड अडतं तिथे: उन्हाच्या खरखरीत चट्ट्यांबाबत या चुका टाळा

चाळिशीतले एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले. अल्बिनिझममुळे जन्मापासून त्वचेत रंगद्रव्य नाही आणि निम्मं आयुष्य उन्हात गेलेलं. तक्रार एवढीच, की दाढी करताना गालावर एका जागी ब्लेड अडतं. बघायला गेलं तर जेमतेम लालसर ठिपका, पण बोट फिरवलं की पॉलिश पेपर. हे ॲक्टिनिक केराटोसिस, म्हणजे वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्वचेवर येणारा खरखरीत चट्टा. आपल्या सावळ्या त्वचेत ते क्वचित दिसतं. अल्बिनिझम असलेल्यांना आणि किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र जपावं लागतं.

ते नखाने खपली काढायचे. चार दिवस गाल गुळगुळीत लागायचा, मग पुन्हा तेच. खपली वरची असते. उन्हाने वर्षानुवर्षं बिघडवलेल्या पेशी तिच्याखाली तशाच राहतात आणि नवी खपली तयार करतात.

मग मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. लाली उतरली, त्यांना वाटलं बरं झालं, आणि त्यात सहा महिने गेले. लाली गेली तरी बोटाला खरखर लागत असेल, तर दुखणं तिथेच आहे असं समजा.

तिसरी चूक उपचार सुरू झाल्यावरची. एखाद-दुसरा चट्टा असेल तर आम्ही द्रव नायट्रोजनने गोठवतो. त्यांच्या गालावर आणि कपाळावर बरेच होते, म्हणून ५ टक्के फ्लुरोयुरॅसिल क्रीम दिलं, दिवसातून दोनदा, तीन आठवडे. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. नंतर चेहरा लाल, आग, खपल्या, आणि ज्या जागा आधी दिसतही नव्हत्या त्याही पेटल्या. नवव्या दिवशी ‘ॲलर्जी झाली’ म्हणून त्यांनी क्रीम बंद केलं. खरं तर औषध तेव्हाच काम करत होतं. पू आला, पापण्या सुजल्या किंवा वेदना सोसवेना, तर मात्र थांबून डॉक्टरांना फोन करावा. क्रीम संपल्यावर त्वचा भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. गरोदरपणात हे क्रीम चालत नाही.

बहुतेक चट्टे कॅन्सर होत नाहीत, काही आपोआप जातातही. अडचण ही, की स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरकडे कुठला वळेल ते आधी ओळखता येत नाही. बूड टणक लागणं, दाबल्यावर दुखणं, रक्त येणं, झपाट्याने वाढणं, जखम न भरणं, यातलं काही दिसलं की क्रीम लावत बसू नये, तुकडा काढून तपासायला द्यावा. कान आणि खालचा ओठ या जागा जास्त जोखमीच्या.

त्यांच्या डाव्या कानाच्या कडेवरचा चट्टा असाच टणक होता. त्याला क्रीम लावू दिलं नाही, बायोप्सी केली. बागेत जाताना टोपी घालता का, असं विचारलं, तर त्यांनी खिशातून गांधी टोपी काढून दाखवली. तिने डोकं झाकलं जातं, कान उघडेच राहतात.