मॅनेजर निघतायत, आणि तुम्ही टीममधले सगळ्यात नवे: निरोपाचा मेसेज कसा लिहावा

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीची क्वालिटी कंट्रोलची लॅब डोळ्यांसमोर आणा. तिथे फोंड्याकडची एक मुलगी ज्युनिअर अॅनालिस्ट आहे. तिची ही पहिलीच नोकरी. तिच्या मॅनेजर मॅडम हैदराबादला नव्या कंपनीत चालल्या आहेत. मॅडमनी तिला हाताला धरून काम शिकवलं, त्यामुळे लिहायचं तर खूप आहे. पण सीनिअर मंडळी काय म्हणतील, लोणी लावल्यासारखं वाटेल का, जास्त सलगी होईल का, या विचाराने हात अडतो. हेच उदाहरण धरून मेसेज कसा तयार करायचा ते पाहू. बँक असो, हॉटेल असो की पणजीतलं एखादं ऑफिस, क्रम तोच राहतो.

लिहिण्याआधी दिवस आणि जागा ठरवा

शेवटच्या दिवशी मॅनेजरला श्वास घ्यायलाही वेळ नसतो. हँडओव्हर, एचआरची नो-ड्यूजची सही, लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करणं, त्यात केक-पॅटिसचा कार्यक्रम. बऱ्याच कंपन्यांत त्याच संध्याकाळी ऑफिसचा मेल बंदही होतो. म्हणून मेसेज एक-दोन दिवस आधी जाऊ द्या, तोही ड्युटी सुटल्यावर.

ऑफिसच्या मेलवर मनातलं लिहू नये असं माझं ठाम मत आहे. तो मेल कंपनीचा असतो, तिथेच राहतो आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू शकतो. मॅडमशी व्हॉट्सअॅपवर आधीपासून बोलणं होत असेल तर तिथे लिहा. नसेल तर हाताने लिहिलेलं साधं कार्ड उत्तम. आमच्या उदाहरणातल्या मुलीने मात्र ते कार्ड लॅबमध्ये नेऊ नये. औषध कंपनीच्या लॅबमध्ये सुटा कागद चालत नाही, कारण कुणी त्यावर रीडिंग टिपून नंतर रजिस्टरात उतरवलं की खरी नोंद कोणती हा प्रश्न उभा राहतो. कँटीनमध्ये किंवा कंपनीच्या बसपाशी कार्ड हातात द्यावं.

सगळ्या टीमचं एक मोठं कार्ड फिरत असेल तर त्यावर एकच ओळ लिहा आणि खाली नाव. मनातलं वेगळं पाठवायचंच आहे.

भाषेचाही विचार याच वेळी होऊन जाऊ दे. गोव्यात मेल इंग्रजीत, चहाला बोलणं कोंकणीत आणि लिहिण्या-वाचण्याची गोडी मराठीची, असं अनेकांचं असतं. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा भागात मराठीत शिकलेल्या मॅडम असतील तर मराठीत लिहिलेलं त्यांना जवळचं वाटेल. त्या सहज मराठी वाचत नसतील तर इंग्रजीत लिहा. मराठीत लिहिताना ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ पुरतं. ‘आपण’ आणि ‘आदरणीय’ सुरू झालं की पुढची सगळी वाक्यं सत्काराच्या मानपत्रासारखी होत जातात.

पहिला मसुदा बाहेर येऊ द्या

घाबरलेला माणूस पहिल्यांदा साधारण हे लिहितो:

‘आदरणीय मॅडम, आपण आम्हा सर्वांचे प्रेरणास्थान आहात. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याचे भाग्य मला लाभले. आपल्याशिवाय विभाग पोरका होईल. माझ्याकडून कळत-नकळत काही चुका झाल्या असतील तर मोठ्या मनाने क्षमा करावी. आपण गेल्यावर माझे कसे होणार हे समजत नाही. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’

यात खोटं काही नाही. पण यातलं एकही वाक्य या मुलीनेच या मॅडमना लिहिलंय असं नाही. नावं बदलली तर शाळेच्या मुख्याध्यापकांनाही हेच चालेल. तपासायची सोपी रीत आहे: प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुठल्या मॅनेजरला जसंच्या तसं पाठवता येईल का ते पाहा. येत असेल तर ते काढा. शुभेच्छेची एक ओळ सोडली तर इथे काही उरत नाही.

क्षमेच्या वाक्यावर जरा थांबायला हवं, कारण मराठी निरोपात ते आपोआप येतं. सरसकट मागितलेल्या माफीने वाचणारा विचारात पडतो की हिने असं केलं तरी काय. तुमची धास्ती त्या वाक्यात दडून बसते आणि मेसेजचा सूर अपराधी होतो. खरोखर एखादी गोष्ट मनाला लागून राहिली असेल तर ती समोरासमोर दोन मिनिटांत बोलून मोकळं व्हा. मेसेजमध्ये नको.

एक प्रसंग शोधा

आभार कशाबद्दल, याचं उत्तर ‘मार्गदर्शन’ असं देऊ नका. मॅडम त्या वेळी नेमकं काय बोलल्या, कुठे उभ्या होत्या, ते आठवा. मोठाच प्रसंग हवा असं नाही, पण तो तुमच्या कामातला हवा आणि त्यानंतर तुमच्या वागण्यात काहीतरी बदललेलं हवं.

आमच्या मुलीचा प्रसंग ऑडिटचा आहे. लॅबच्या लॉगबुकात आकडा चुकला तर तो गिरवायचा नाही, पांढरी शाई लावायची नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. तिने तसंच केलं होतं. ऑडिटरने नेमकं त्या नोंदीवर बोट ठेवलं आणि विचारलं की हे का बदललं. मॅडम शेजारीच होत्या, त्यांना उत्तर ठाऊक होतं. त्या फक्त म्हणाल्या, ‘नोंद तिची आहे, तीच सांगेल.’ मुलीने कापऱ्या आवाजात का होईना, सांगितलं.

एवढा प्रसंग सापडला की मेसेज जवळजवळ झाला. यात स्तुतीचा शब्द नाही, तरी मॅडम कशा मॅनेजर आहेत ते दिसतं, आणि लोणी लावल्याची शंकाही येत नाही. घडलेलं सांगणाऱ्याला कुणी खुशामतखोर म्हणत नाही. एक काळजी मात्र घ्या. औषधाचं नाव, बॅच नंबर, ग्राहक कंपनी, ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटी यातलं काहीही मेसेजमध्ये येता कामा नये. मॅडम उद्या दुसऱ्या कंपनीत असणार आहेत.

धाकधूक एकाच वाक्यात, आणि शेवटी नाही

भीती लपवायची गरज नाही. नव्या माणसाला ती वाटणारच, आणि मॅडमनाही ते ठाऊक आहे. फक्त ती कामाशी बांधून सांगा. ‘माझं कसं होणार’ म्हटलं की निघालेल्या माणसाच्या डोक्यावर ओझं येतं. त्याऐवजी नेमकं काय चुकल्यासारखं वाटणार आहे ते सांगा, आणि लगेच पुढे तुम्ही काय करणार आहात तेही.

जागाही महत्त्वाची. शेवटचं वाक्य वाचणाऱ्याच्या मनात राहतं. तिथे भीती ठेवली तर मॅडम हुरहुर घेऊन निघतील. ती आभारानंतर येऊ दे आणि शेवट शुभेच्छेवर होऊ दे.

नव्या मॅनेजरबद्दल चांगलं-वाईट काहीच लिहू नका. ‘तुमच्यासारखे ते नसणार’ हे वाक्य फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचतं. मॅडम का सोडून चालल्या हेही विचारू नका. आणि ‘तिकडे जागा निघाली तर सांगा’ किंवा शिफारसपत्राची विनंती या मेसेजात घातलीत, तर वरच्या सगळ्या आभारांचा अर्थ बदलतो. ते काम असेल तर काही आठवड्यांनी वेगळा मेसेज करा.

तयार मेसेज

‘मॅडम,

उद्या सगळ्यांसमोर बोलायला मला जमणार नाही, म्हणून आजच लिहिते.

मागच्या ऑडिटमध्ये माझ्या लॉगबुकातल्या एका नोंदीवर प्रश्न आला तेव्हा तुम्ही शेजारीच होतात. उत्तर तुम्हाला माहीत होतं, तरी “नोंद तिची आहे, तीच सांगेल” एवढंच म्हणालात. माझा आवाज कापत होता, पण मी सांगितलं. तेव्हापासून कुठेही सही करताना, हे उद्या मला कुणाला समजावता येईल का, असं आधी मनात विचारते. ही सवय तुमच्यामुळे लागली. मनापासून आभार.

सोमवारपासून अडलं की तुमच्या टेबलाकडे वळता येणार नाही, याची थोडी धाकधूक आहे. पण आधी स्वतः नीट बघायचं आणि मग विचारायचं, हे तुम्हीच शिकवलंत. तसंच करीन.

हैदराबादला नवं काम, नवं घर, सगळं छान होऊ दे. चवथीला गोव्यात आलात तर भेटायला आवडेल. उत्तराची घाई नाही.’

खाली नाव. फोनवर एका नजरेत वाचून होतो. याहून लांब झाला तर दुसरा प्रसंग घुसला असेल, तो काढा. जिथे कोंकणीतच बोलणं होतं तिथे आभाराच्या जागी ‘देव बरें करूं’ लिहिलं तर ते तुमच्या तोंडचं वाटेल. ‘उत्तराची घाई नाही’ ही ओळ मात्र ठेवाच. तिने मॅडमची घाई कमी होते आणि तुमचं दर पाच मिनिटांनी फोन बघणंही.

पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा तुम्ही न बोलणारा शब्द आलेला असतो, तो बदला. मॅडमचं नाव लिहिलं असेल तर स्पेलिंग तपासा, आणि मेसेज टीमच्या ग्रुपवर तर जात नाही ना हे बघा.

गेल्यावर लगेच एखादी चूक दिसेल. घाबरून मेसेज पुसू नका. पुसला तर तिथे मेसेज डिलीट केल्याची खूण राहते, आणि ती बघून मॅडम उगाच काळजीत पडतील. व्हॉट्सअॅपवर पाठवल्यापासून 15 मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो. तेवढ्यात काना-मात्रा सुधारा. त्यानंतर दिसलेली चूक तशीच राहू द्या. उत्तरात नुसता हात जोडलेला इमोजी आला तरी पुढे काही लिहायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात भेट झाली की ‘तुमचा मेसेज वाचला’ असं त्या बहुतेक स्वतःच म्हणतील. तेव्हा नुसतं हसलात तरी चालेल.