नमुना एकच पाठवा, पण नेमका

आमच्या यावलकडे सप्टेंबर लागला की कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरताना लावायच्या केळीची, धावपळ सुरू होते. त्याच दिवसांत फ्रीलान्स कामं मिळतात अशा एका संकेतस्थळावर एका ठिबक विक्रेत्याची जाहिरात दिसली: केळी उत्पादकांसाठी मराठीत आठ लेख हवेत, प्रत्येकी ८०० शब्द, अर्जासोबत आपल्या लेखनाचा एक नमुना पाठवा.

तोवर मी सगळीकडे एकच अर्ज पाठवायचे. ‘मला लेखनाची आवड आहे’ अशी सुरुवात आणि खाली कविता, रेसिपी, मोबाइलची माहिती असे पाच दुवे. कुणाचं उत्तर येत नसे. जाहिरात देणाऱ्याला यादीत अर्जाच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात आणि त्यावरून तो उघडायचा की नाही हे ठरतं. माझ्या त्या ओळींत त्याच्या कामाबद्दल एक अक्षर नव्हतं.

या वेळी असं लिहिलं:

‘नमस्कार. तुमचे लेख कांदेबाग लावणारा शेतकरी वाचणार आहे, म्हणून पहिला लेख रोपांच्या निवडीवर घ्यावा असं सुचवते. सोबत माझा एक लेख जोडते: केळीवरचा हरण्या रोग कसा ओळखायचा. पानांवरचे पिवळे पट्टे, रोग पसरवणारा मावा, रोगट झाड उपटून नष्ट करणं आणि काकडीवर्गीय आंतरपीक टाळणं, एवढंच त्यात आहे. त्यासाठी तीन बागायतदारांशी बोलले, मजकूर कृषी पदवीधराकडून तपासून घेतला. ८०० शब्दांच्या लेखाला १,२०० रुपये घेते, त्यात एकदा दुरुस्ती. पहिला लेख पाच दिवसांत देईन. ठिबकचे तांत्रिक तपशील तुमच्याकडून मिळतील का?’

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तीन बागायतदारांचं. लेख चांगला आहे असं आपण म्हणून उपयोग नाही. तो कसा तयार झाला हे सांगितलं की समोरच्याला आपल्या कामाची पद्धत कळते. शेवटचा प्रश्नही खरा होता, कारण ती माहिती नसती तर मला पुढचे लेख लिहिताच आले नसते.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ‘ताई, हरण्या हा शब्द तुम्ही वापरला, तिथंच समजलं की तुम्ही शेतात जाता,’ ते म्हणाले. पुस्तकात त्याला कुकुंबर मोझॅक विषाणू म्हणतात. बांधावर ते नाव क्वचितच ऐकू येतं.

दुव्याची मात्र काळजी घ्या. आधीच्या एका अर्जात माझी गूगल ड्राइव्हची फाइल बंदच होती. परवानगी मागणारा मेल मी दोन दिवसांनी पाहिला, तोवर काम दुसऱ्याला गेलं होतं. फाइलला Anyone with the link ही परवानगी द्या आणि लॉगिन नसलेल्या खिडकीत दुवा स्वतः उघडून पाहा.

नमुना दुसऱ्याच्या नावाने छापला गेला असेल, तर दाखवण्याआधी त्यांना विचारा. हरण्याचा लेख मी एका कृषी केंद्रासाठी लिहिला होता. त्यांना फोन केला, त्यांनी होकार दिला आणि मगच तो जोडला.