नियम लिहायच्या आधी भरायचं पान

दिवाळीनंतर भाचा लातूरला आला तो दोनशे पानी वही घेऊनच. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. मी इथं आडतीवर हिशेब लिहितो आणि शेअर बाजारात बरीच वर्षं आहे, म्हणून वही मला दाखवायची होती. आत सतरा नियम लिहिलेले. पाच मिनिटांचा चार्ट, पहिल्या पंधरा मिनिटांचा उच्चांक तुटला की खरेदी, त्याच दिवशी विक्री. नियम वाईट नव्हते. मी एवढंच विचारलं, "सव्वानऊला तू कुठं असतोस?"

"शटर उघडायलो असतो, मामा."

वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानापासून सुरुवात केली. आधी इंट्राडे म्हणजे घेतलेलं त्याच दिवशी विकायचं, स्विंग म्हणजे काही आठवडे धरायचं, की लांब पल्ला, ते ठरवायचं, आणि नियम त्यानंतर. ते ठरवायला तीन गोष्टी मोजाव्या लागतात: वेळ, पैसा, स्वभाव. मोजताना माझा एकच हट्ट असतो. चांगल्या दिवसाचा आकडा धरायचा नाही, वर्षातला सगळ्यात ओढाताणीचा दिवस धरायचा.

वेळेचं काम सोपं आहे, पण अंदाजाने लिहायचं नाही. त्याला घरी पाठवलं आणि बारा दिवस नोंद ठेवायला सांगितली. बाजार सव्वानऊ ते साडेतीन. या वेळात गिऱ्हाईक, फोन, हमाल, गाडी यातलं काहीही मध्ये न येता सलग अर्धा तास कधी मिळाला, तेवढंच लिहायचं. बारा दिवसांत चार वेळा मिळाला, आणि चारही वेळा दुपारी दोननंतर, म्हणजे जेवणाच्या सुमाराला. सकाळचा पहिला तास, ज्यावर त्याचे सतरा नियम उभे होते, तो एकदाही रिकामा नव्हता. आठवडी बाजाराच्या दिवशी तर पानच कोरं. आणि ही नोंद नोव्हेंबरातली. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मोबाइल हातात घेणंही शक्य नाही. याउलट रात्री साडेआठनंतर शटर खाली, आणि जेवणाआधी पाऊण तास रोज हमखास. तर वेळेच्या रकान्यात लिहिलं: बाजार चालू असताना शून्य, रात्री पाऊण तास. शून्य लिहायला त्याला जड गेलं, "दोन-तीनदा बघून घेईन की" म्हणाला. पण इंट्राडेत हातातला सौदा दोन-तीनदा बघून भागत नाही.

पैशाच्या रकान्यात त्याने चार लाख लिहिले होते. खात्यात होतेही तेवढे. पण खत-बियाण्याच्या धंद्यात पैशाला ऋतू असतो. मे-जूनमध्ये माल भरायचा, शेतकऱ्यांना उधारीवर द्यायचा, आणि सोयाबीन निघालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात वसुली. आता दिसणाऱ्या चार लाखांतला मोठा हिस्सा म्हणजे उन्हाळ्यात कंपनीला द्यायचं बियाण्याचं आगाऊ बिल. मागच्या तीन वर्षांची पासबुकं काढायला लावली आणि दरवर्षी जूनअखेर खात्यात उरलेली रक्कम बघितली. सगळ्यात कमी होती दीड लाखाच्या थोडी वर. तेव्हा भांडवल दीड लाख. बाकीचे अडीच लाख दुकानाचे, त्यांना हात लावायचा नाही. लावला तर मे महिन्यात शेअर तोट्यात असो की नफ्यात, विकावाच लागणार, आणि मग विक्रीची तारीख तो ठरवणार नाही, बियाण्याची कंपनी ठरवणार.

आता हा दीड लाख कोणत्या पद्धतीला पुरतो ते बघू. निफ्टीचे फ्युचर्स-ऑप्शन्स एका ओळीत खोडले. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 च्या शेवटी नव्या करारांचं किमान मूल्य 15 लाख केलं. एक लॉट, म्हणजे एक करार, विकायचा म्हटलं तरी मार्जिनमध्येच, म्हणजे अनामतीतच, ही रक्कम संपते, आणि यात उतरणाऱ्यांचं काय होतं ते सेबीच्याच 2024 च्या पाहणीत आहे: तीन वर्षांत 10 पैकी 9 हून जास्त वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. सोयाबीनचा वायदा त्याला खुणावत होता, भाव तर आम्हाला रोज कळतो. पण तो वायदा सेबीने डिसेंबर 2021 मध्येच थांबवला.

इंट्राडेचा हिशेब मात्र सविस्तर मांडला, कारण त्याचा जीव तिथंच होता. पन्नास हजारांची खरेदी आणि त्याच दिवशी विक्री. दलाली 0.03 टक्के धरली तर दोन्ही बाजूंचे 30 रुपये. विक्रीवर एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, 0.025 टक्के, म्हणजे साडेबारा. एक्स्चेंजचा आकार, जीएसटी, मुद्रांक मिळून आणखी दहा. एका फेरीला 53 रुपये, ऐकायला काहीच नाही. त्याच्या नियमांप्रमाणे दिवसाला चार फेऱ्या आणि महिन्याला वीस दिवस धरले तर 4,240 रुपये. वर्षाला पन्नास हजारांच्या वर, म्हणजे दीड लाखाचा तिसरा हिस्सा. ऑर्डर टाकताना भाव दोन-चार पैसे सरकतो ते यात धरलेलंच नाही. एवढं कमावलं की तो शून्यावर येणार.

डिलिव्हरीत, म्हणजे शेअर खात्यात घेऊन नंतर विकण्यात, उलटं आहे. तिथे एसटीटी जास्त, खरेदी-विक्री दोन्हीवर 0.1 टक्के. तीस हजारांच्या सौद्यावर 60 रुपये. मुद्रांक साडेचार, आणि शेअर विकताना डिमॅटचा आकार साधारण पंधरा. बऱ्याच ठिकाणी डिलिव्हरीला दलाली नसते, ती नाही असं धरून एका फेरीला 80-85 रुपये. पण महिन्याला फेऱ्या दोनच, म्हणून वर्षाचा खर्च दोन हजारांच्या आसपास. यातला डिमॅटचा आकार रकमेवर नसतो, ठरलेला असतो. दहा हजारांचं भांडवल घेऊन कुणी दोन-दोन हजारांचे सौदे करायला गेला, तर त्या पंधरा रुपयांमुळे एका फेरीचा खर्च एक टक्क्यावर जातो. तेवढ्या रकमेला स्विंगही परवडत नाही, आधी साठवलेलं बरं.

एका सौद्यात किती गमवायचं तेही इथंच ठरतं. दीड लाखाचा एक टक्का, 1,500 रुपये. रोजच्या चार्टवर स्टॉप, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, साधारण पाच टक्के लांब ठेवावा लागतो, नाहीतर नेहमीच्या चढ-उतारातच उडतो. 400 चा शेअर, स्टॉप 380, शेअरमागे जोखीम 20, म्हणून 75 शेअर. रक्कम झाली तीस हजार. असे पाच सौदे एका वेळी बसतात, आम्ही चार धरले.

स्वभावाचा रकाना सगळ्यात फसवा, कारण तिथे माणूस स्वतःबद्दल चांगलंच लिहितो. "मी शांत आहे," असं लिहून मोकळा झाला होता. मी म्हटलं, सोयाबीनचं सांग. 2021 च्या पावसाळ्यात भाव दहा हजारांच्या आसपास गेला होता आणि नवा माल आल्यावर पाच-सहा हजारांवर उतरला. तो दहा हजार ज्याने बघितला त्याने पुढची वर्षं माल घरात धरून ठेवला. भाच्यानेही घरची चाळीस पोती दोन हंगाम ठेवली आणि शेवटी पाच हजारांच्या आत विकली. मात्र हरभरा शंभर रुपयांनी चढला की लगेच काढतो. म्हणजे तोटा धरून ठेवायचा आणि नफा पटकन खायचा, ही सवय शेअरच्या आधीपासूनची. पानावर हे लिहिलं, "शांत" खोडलं.

मग डबा काढला. त्यात सहा दाणे उडदाचे, चार हरभऱ्याचे. न बघता एक दाणा काढायचा, वहीत मांडायचा, परत टाकून डबा हलवायचा. उडीद आला तर 1,500 गेले, हरभरा आला तर 3,750 आले. दहापैकी चारच वेळा बरोबर येणारी, पण नफा अडीचपट देणारी ही पद्धत. सरासरीने दर सौद्याला 600 रुपये सुटतात. दुसऱ्या डब्यात सात हरभरे, तीन उडीद: हरभरा आला तर 1,000 आले, उडीद आला तर 1,500 गेले. ही सात वेळा खूश करते, पण सुटतात 250 च. प्रत्येकी तीस दाणे काढायला सांगितले.

पहिल्या डब्यात नवव्या दाण्यापासून सलग सहा उडीद आले. खातं नऊ हजारांनी खाली. भाच्याने डब्यात वाकून बघितलं, "मामा, उडीद जास्त टाकलेत का?" मी त्याच्यासमोर दहाच्या दहा मोजून दाखवले. शंभर दाणे काढले तर कुठेतरी सलग सातेक उडीद येण्याची शक्यता बरीच असते, डबा तोच असला तरी. खऱ्या बाजारात मात्र मोजून दाखवायला दाणे नसतात. पाचव्या-सहाव्या तोट्याला माणूस पद्धत बदलतो आणि पुढचा हरभरा हुकतो.

दुसऱ्या डब्यावर तो खुलला, भराभरा काढत होता. पण लागोपाठ दोन उडीद आले तेव्हा म्हणाला, "हे नाही मांडायचं, दाणा नीट हलला नव्हता." माझ्यासाठी निकाल तिथंच लागला. छोट्या नफ्याच्या पद्धतीत एक न मांडलेला तोटा दहा सौदे खातो, आणि याची सवय नेमकी तीच. त्याला पहिलाच डबा हवा, पण स्टॉप त्याच्या हातात नको. तो खरेदीच्या रात्रीच जीटीटीत, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप जाणाऱ्या ऑर्डरमध्ये, टाकून ठेवायचा.

त्यासाठी दोन गोष्टी आधी उरकायच्या. डीडीपीआयवर, म्हणजे ब्रोकरला शेअर काढायची कायमची परवानगी देणाऱ्या कागदावर, सही दिलेली नसेल तर शेअर विकताना टीपिन टाकून परवानगी द्यावी लागते. भाचा खताची पोती मोजत असताना जीटीटी लागली आणि परवानगी नाही, तर ऑर्डर नाकारली जाते. दुसरं, जीटीटी ट्रिगर झाली की लिमिट ऑर्डर जाते, म्हणजे ठरवलेल्या भावाच्या खाली न विकणारी. 380 चा ट्रिगर, 379 ची लिमिट, आणि शेअर सकाळी 364 ला उघडला, तर ऑर्डर तशीच लोंबकळत राहते. लिमिट 360 ठेवली तर 364 च्या आसपास सुटका होते, पण तोटा 1,500 नाही, 2,700. रात्रीच्या पद्धतीची ही किंमत आहे, म्हणून कंपनीचा निकाल ज्या आठवड्यात आहे त्या आठवड्यात नवीन खरेदी नाही, हेही पानावर आलं.

पान असं भरलं: रोजचा चार्ट, रात्री एकदाच बघायचा, सौदा साधारण दोन ते सहा आठवडे, चारपेक्षा जास्त नाहीत, सौद्याला 1,500 ची जोखीम, मे ते जुलै नवीन काही नाही. सतरा नियमांपैकी एकही कामाचा उरला नाही. भाचा थोडा हिरमुसला. मग त्याने पान उलटलं आणि लिहिलं, "1. स्टॉप टाकल्याशिवाय मोबाइल खाली ठेवायचा नाही." डबा मात्र परत द्यायला विसरला, तो परभणीला गेला.