डायग्राम तपासताना या चुका टाळा: झोन दोन, पण बाहेर पडायची वाट एकच

आर्किटेक्चर डायग्राममध्ये दोन अव्हेलेबिलिटी झोन दिसले की नवशिके लगेच ‘ओके’ लिहून मोकळे होतात. वर्षानुवर्षं हेच बघून वैताग आलाय.

एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमधली आमची एक सिस्टीम होती. सर्व्हर दोन झोनमध्ये, पुढे लोड बॅलन्सर, डेटाबेस मल्टी-एझेड, म्हणजे दुसऱ्या झोनमध्ये त्याची स्टँडबाय प्रत. पण नॅट गेटवे एकच, `ap-south-1a` मध्ये. दोन्ही प्रायव्हेट सबनेटचा बाहेरचा रस्ता त्याच्यातूनच. डायग्रामवर तो चौकोन बरोब्बर मधोमध काढलेला, त्यामुळे दोन्ही झोनचा वाटायचा. साधा नॅट गेटवे मात्र एकाच झोनमध्ये राहतो.

एका संध्याकाळी तो झोन अडखळला. लोड बॅलन्सरनं सगळी रहदारी दुसऱ्या झोनकडे वळवली, हेल्थ चेक हिरवे, होमपेज उघडतंय, आणि पेमेंट मात्र एकही होईना. पेमेंट गेटवेला जाणारा कॉल बंद पडलेल्या झोनमधूनच बाहेर जात होता. आम्ही घाईघाईनं `1b` मध्ये नवा नॅट उभा केला, रूट बदलला, तरी पेमेंट अडलेलंच. नव्या नॅटचा आयपी नवा, आणि पेमेंट कंपनीच्या परवानगीच्या यादीत फक्त जुना! नवा घालून घेण्यातच रात्र गेली.

म्हणून आता मी डायग्राम छापून घेतो, एक झोन तळहातानं झाकतो आणि एका ऑर्डरचा प्रवास पेन्सिलीनं शेवटपर्यंत काढतो. पेन्सिल हाताखाली शिरली की दोष सापडला. मग खरे रूट बघतो:

```
aws ec2 describe-route-tables --output text \
  --query "RouteTables[].Routes[].NatGatewayId"
```

सगळीकडे एकच `nat-…` आला तर झोनमागे एक नॅट आणि एक रूट टेबल करायचं, आणि दोन्ही आयपी आधीच यादीत घालून घ्यायचे. दुसऱ्या नॅटचा खर्च वाढतो, हे खरं. चाचणीच्या सिस्टीमवर तो वाचवा. पैसे घेणाऱ्या सिस्टीमवर ही काटकसर मला मान्य नाही.

मल्टी-एझेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून चालवलेला `DELETE` स्टँडबायवरही तितक्याच इमानदारीनं पोचतो.

दुसरी चूक सुरक्षेच्या सीमेची. सबनेटभोवती तुटक रेघ काढली म्हणजे भिंत झाली, असं समजतात. आत डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये 5432 पोर्ट `10.0.0.0/16` ला, म्हणजे अख्ख्या व्हीपीसीला, उघडा असतो. ‘आतलंच आहे ना’ म्हणत घेतलेला हा शॉर्टकट. त्यामुळे रिपोर्टिंगचं एखादं विसरलेलं मशीन कुणाच्या हाती लागलं तर तिथून थेट डेटाबेसचं दार ठोठावता येतं. मी तिथे आयपीची रेंज ठेवतच नाही. सोर्स म्हणून अ‍ॅपचा सिक्युरिटी ग्रुप देतो. शिवाय डायग्रामवरच्या प्रत्येक बाणावर पोर्ट आणि कुणाला परवानगी आहे हे लिहायला लावतो. ज्या बाणावर ते लिहिता येत नाही, त्याच्यापाशी माझा रिव्ह्यू थांबतो.